पंचिंग प्रेसवर फ्लायव्हील: मोटरवर फक्त सरासरी टॉर्क यावा यासाठी काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

प्रेसवर फ्लायव्हील लावलंय तरी मोटर गरम होते, ओव्हरलोड रिले पडतो, मग कोणीतरी सांगतं की चाक अजून जड करा नाहीतर मोटर मोठी टाका, आणि बऱ्याचदा दोन्ही केलं तरी दुखणं तसंच राहतं. कारण असं की फ्लायव्हील एनर्जी देतं ती फक्त स्वतःची स्पीड पडू देऊन, आणि मोटर जर ती स्पीड पडूच देत नसेल तर सगळा झटका मोटरच अंगावर घेते. म्हणजे नुसतं चाकाचं वजन काढून भागत नाही, चाक आणि मोटर यांची जोडी जुळवावी लागते. खाली एकच केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलीय, तुमचे आकडे टाकून तसंच करा, फक्त क्रम मोडू नका.

केस अशी: १० मिमी जाडीच्या माइल्ड स्टील प्लेटमध्ये २५ मिमी व्यासाची भोकं, मिनिटाला ३०. क्रँक प्रेस आहे, स्ट्रोक ८० मिमी, क्रँकशाफ्टच्या अलीकडे ८:१ गिअर आणि फ्लायव्हील त्या फास्ट शाफ्टवर, म्हणजे २४० आरपीएमवर.

तयारी: आधी हे आकडे हातात घ्या

प्लेटची जाडी कॅलिपरने मोजा, ऑर्डरवर लिहिलेली धरू नका. मटेरियलची शिअर स्ट्रेंग्थ हवी, टेन्साइल नाही. सर्टिफिकेटवर फक्त अल्टिमेट टेन्साइल दिलेली असेल तर स्टीलसाठी तिच्या साधारण ०.८ पट धरली तरी चालतं. आपल्या प्लेटची टेन्साइल ४४० आहे, म्हणून शिअर ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी घेतोय.

मग मिनिटाला खरोखर किती भोकं पडतात ते बघा. प्रेस सतत चालणार आहे की ऑपरेटर प्लेट सरकवून एकेक स्ट्रोक मारणार आहे यावर मोटरचा सगळा हिशोब बदलतो, आणि इथे सगळ्यात वाईट वेळ धरायची, म्हणजे सलग ३० भोकं मारायची वेळ येणार असेल तर ३०च.

शेवटचं, क्लच कुठे आहे ते बघा. फ्लायव्हील क्लचच्या मोटरकडच्या बाजूला हवं, म्हणजे रॅम थांबलेला असला तरी चाक फिरत राहतं. क्लचच्या पलीकडे बसवलेलं चाक प्रत्येक स्ट्रोकला शून्यातून उचलावं लागतं, मग ते मदत करायच्या ऐवजी उलटा लोडच होतं.

१. जोर आणि एका भोकाची एनर्जी काढा

पंचला लागणारा जोर म्हणजे भोकाचा परीघ गुणिले जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ.

```
F = π × 25 × 10 × 350 ≈ 275000 N
```

२७५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २८ टन. हा जोर पूर्ण १० मिमी तसाच राहत नाही, पंच आत शिरतो तसं कापायला उरलेलं मटेरियल कमी होत जातं आणि शेवटी प्लेट तुटून जोर शून्यावर येतो. म्हणून हिशोबात जोर एका सरळ रेषेत शून्यापर्यंत उतरतो असं धरतात आणि एनर्जी त्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाइतकी घेतात.

```
E = 0.5 × 275000 × 0.010 = 1375 J
1375 / 0.8 ≈ 1720 J
```

दुसऱ्या ओळीतला ०.८ म्हणजे गिअर, बेअरिंग, रॅमच्या गाइड आणि पंच परत ओढताना लागणारा जोर या सगळ्यांसाठी ठेवलेली जागा. माइल्ड स्टील बहुतेक वेळा पूर्ण जाडीच्या आधीच तुटतं, त्यामुळे त्रिकोणाचा हिशोब थोडा सुरक्षित बाजूला राहतो. ही वाचलेली एनर्जी कापायला मात्र जाऊ नका, बोथट पंचला जोर जास्त लागतो आणि पंच काही रोज धार लावून मिळत नाही.

इथे चूक होते: जाडी मिमीमध्येच ठेवून जूल काढले जातात आणि उत्तर हजारपट येतं. एका भोकाला १३ लाख जूल आले की समजा मीटर करायचं राहिलंय.

२. सरासरी पॉवर आणि मोटर

मिनिटाला ३० भोकं म्हणजे एक सायकल २ सेकंदांची. १७२० भागिले २ म्हणजे ८६० वॅट. फ्लायव्हील नीट काम करत असेल तर मोटरकडून एवढीच सरासरी मागणी आहे. बाजारात मिळणारं यापुढचं सोयीचं माप १.१ किलोवॅट, म्हणजे दीड एचपी, तेच घेऊ.

फास्ट शाफ्टवर या ८६० वॅटचा सरासरी टॉर्क साधारण ३५ न्यूटन-मीटर होतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायचाय.

३. पंच प्लेटमध्ये किती अंश असतो ते काढा

ही पायरी लोक अंदाजाने उडवतात, पण इथूनच कळतं की फ्लायव्हीलवर नक्की किती भार येतो आणि गिअरवर किती.

क्रँकची त्रिज्या ४० मिमी. समजा भोक पूर्ण झाल्यावर पंच डायमध्ये अजून ३ मिमी जातो आणि मग रॅम खालच्या टोकाला पोचतो. म्हणजे कापायला सुरुवात होते खालच्या टोकाच्या १३ मिमी आधी आणि कापणं संपतं ३ मिमी आधी. कनेक्टिंग रॉडचा तिरपेपणा सोडून दिला तर:

```
x = r (1 − cos θ)
x = 13  →  θ ≈ 47.5°
x = 3   →  θ ≈ 22.3°
```

म्हणजे ३६० पैकी साधारण २५ अंशांत सगळं काम उरकतं. २ सेकंदांच्या सायकलमध्ये ही वेळ साधारण ०.१४ सेकंद. तेवढ्यात मोटर देणार ८६० × ०.१४, म्हणजे जेमतेम १२० जूल, आणि उरलेले १६०० जूल फ्लायव्हीलने द्यायचेत. फ्लायव्हील नसतं तर त्या ०.१४ सेकंदात मोटरला १२ किलोवॅटच्या आसपास द्यावे लागले असते, तेही सरासरी, सुरुवातीचा झटका त्याहून बराच मोठा.

आता टॉर्क बघा. कापायला सुरुवात होते त्या क्षणी क्रँकशाफ्टवर:

```
T = 275000 × 0.040 × sin 47.5° ≈ 8100 N·m
```

८:१ गिअरमधून मागे आलं तरी फास्ट शाफ्टवर हजार न्यूटन-मीटरच्या वर, घर्षण धरलं तर अजून जास्त. मोटरचा सरासरी टॉर्क होता ३५.

इशारा: सरासरी टॉर्क फक्त मोटर, बेल्ट आणि पुली यांच्या वाट्याला येतो. फ्लायव्हीलपासून पंचपर्यंतचं सगळं, म्हणजे फ्लायव्हीलची की, क्लच, गिअरचे दात, क्रँकशाफ्ट, यांना पूर्ण झटका सोसावा लागतो. मोटर लहान केली म्हणून गिअरही लहान चालेल असा विचार करून दात उडालेले प्रेस मी बघितलेत. आणि फ्लायव्हील एनर्जी देतं, प्रेसचं टनेज वाढवत नाही. प्रेसच्या प्लेटवर लिहिलेलं टनेज खालच्या टोकाच्या किती मिमी वरपर्यंत लागू आहे तेही बघून घ्या, कारण वरच्या बाजूला तोच जोर लावला तर क्रँकवर टॉर्क फार वाढतो.

४. स्पीड किती पडू द्यायची ते ठरवा, मगच इनर्शिया काढा

पंचिंग प्रेसला स्पीड १० ते २० टक्के पडली तरी कामात काही बिघडत नाही, भोक पडल्याशी मतलब. मी इथे १२ टक्के घेतोय, म्हणजे २४० वरून २११ आरपीएम. रेडियन प्रति सेकंदात २५.१३ वरून २२.१.

```
E = 0.5 × I × (ω1² − ω2²)
1600 = 0.5 × I × (631.7 − 489.2)
I ≈ 22.5 kg·m²
```

इथे तीन चुका सारख्या दिसतात. आरपीएम रेडियनमध्ये न बदलता तसाच सूत्रात टाकणं ही पहिली, त्यात चाक हास्यास्पद हलकं येतं. दुसरी म्हणजे फ्लायव्हील फास्ट शाफ्टवर आहे पण स्पीड क्रँकची, ३० आरपीएम घेणं. त्यात इनर्शिया ८ च्या वर्गाने, म्हणजे ६४ पट येतो आणि मग कोणीतरी कित्येक टनी चाक ओतायला निघतं. (हेच उलटं वाचलं तर कळेल की चाक फास्ट शाफ्टवरच का ठेवायचं.) तिसरी चूक कॅटलॉगमधली, तिथे कधीकधी जीडी स्क्वेअर दिलेलं असतं. तो व्यासाच्या वर्गावरचा आकडा आहे, किलो-मीटर स्क्वेअरमध्ये असेल तर ४ ने भागल्यावर आपला I मिळतो.

तपासणी: पूर्ण स्पीडला चाकात साठलेली एकूण एनर्जी काढा, ०.५ × २२.५ × ६३१.७, म्हणजे साधारण ७१०० जूल. त्यातले १६०० आपण एका स्ट्रोकला काढतोय, म्हणजे २२ ते २३ टक्के. स्पीड १२ टक्के पडली तर एनर्जी साधारण २३ टक्के कमी व्हायला हवी, तेव्हा हिशोब जुळतोय. हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

५. रिमची मापं

इनर्शियाचा मोठा भाग रिममध्ये असतो, आरे आणि हब यांचा मिळून १० टक्के धरू. मग रिमकडून हवेत साधारण २० किलो-मीटर स्क्वेअर. रिमच्या मधल्या रेषेची त्रिज्या ०.४५ मीटर घेतली तर वजन २० भागिले ०.४५ चा वर्ग, म्हणजे १०० किलोच्या आसपास. कास्ट आयर्नची घनता ७२०० धरून रिमचा छेद साधारण ७० × ७० मिमी येतो आणि बाहेरचा व्यास ९७० मिमी.

इथे त्रिज्येच्या जागी व्यास टाकला की चाक चौपट हलकं होतं, ही चूक कागदावर दिसत नाही, चाक बसवल्यावर दिसते.

रिमची कडा किती वेगाने फिरते ते बघायचंच. २५.१३ × ०.४८५, म्हणजे १२ मीटर प्रति सेकंद. कास्ट आयर्नच्या चाकाला २५ ते ३० मीटर प्रति सेकंदाच्या खाली ठेवतात, तेव्हा आपण आरामात आहोत. नंतर कोणी पुली बदलून प्रेस फास्ट करायला गेलं तर हा हिशोब परत करायचा, कारण रिममधला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. जुनं चाक आणून लावत असाल तर आधी आरे जिथे रिमला मिळतात तिथे आणि कीवेच्या कोपऱ्यात तडे आहेत का ते डाय पेनिट्रंट मारून बघा.

६. मोटरची स्लिप: सगळ्यात जास्त चुकणारी पायरी

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. चाक बसतं, मोटर १.१ किलोवॅटची साधी फोर-पोल, आणि दोन तासांत मोटरला हात लावता येत नाही.

साध्या छोट्या इंडक्शन मोटरची फुल लोड स्पीड १४२० च्या आसपास असते, म्हणजे १५०० या सिंक्रोनस स्पीडपासून साधारण ५ टक्के मागे, हीच स्लिप. या भागात स्लिप जेवढी वाढते तेवढाच टॉर्क वाढतो असं ढोबळ धरा. आता चाक १२ टक्के पडलं की मोटरही बेल्टमधून तेवढीच पडते, आणि १२ टक्के स्लिपला ती फुल लोडच्या दुपटीच्या आसपास टॉर्क द्यायला लागते. चाकाने १६०० जूल दिले हे खरंच, पण पंच सुटताच मोटर जिवाच्या आकांताने ते परत भरायला धावते आणि अर्ध्या-पाऊण सेकंदात बरंचसं भरून टाकते, मग उरलेला एक सेकंद रिकामी फिरते. सरासरी टॉर्क बरोबर, पण मोटर तापते ती करंटच्या वर्गाने, सरासरीने नाही.

मोटर आणि चाक मिळून किती वेळात सावरतात याचा एक आकडा काढता येतो:

```
t = I × (फुल लोडला स्पीडमधली घट, rad/s) / (फुल लोड टॉर्क)
```

दोन्ही आकडे फ्लायव्हीलच्या शाफ्टवरचे घ्या. साध्या मोटरसाठी २२.५ × १.३४ भागिले ४६, म्हणजे ०.६५ सेकंद. आपली सायकल २ सेकंदांची. हा वेळ सायकलच्या तुलनेत इतका लहान आहे की मोटर दर सायकलला उसळते आणि शांत होते. याच प्रेसला १२ टक्के फुल लोड स्लिपची हाय-स्लिप मोटर लावली तर तोच वेळ १.३७ सेकंद येतो, टॉर्कचं टोक दुपटीच्या पुढून साधारण १.३५ पटीवर उतरतं, आणि मी मांडलेल्या हिशोबात टॉर्कच्या वर्गावर चालणारी उष्णता दीडपटीने कमी पडते. तेच चाक, तीच भोकं.

मग पर्याय तीन. हाय-स्लिप मोटर, प्रेससाठी अशा मोटरी मिळतात. तिचा रोटर मुद्दाम जास्त रेझिस्टन्सचा असतो, कार्यक्षमता थोडी कमी मिळते, पण या कामाला ती बनवलेलीच आहे. दुसरा, साधी मोटर ठेवून चाक साधारण दुप्पट इनर्शियाचं करणं, मग स्पीड सहा टक्क्यांच्या आसपासच पडते. जागा असेल तर हे छान चालतं, पण स्टार्टिंगला वेळ दुप्पट लागतो. तिसरा, व्हीएफडी लावून त्यात टॉर्क लिमिट किंवा ड्रूप सेट करणं. व्हीएफडी घेऊन स्लिप कॉम्पेन्सेशन चालू ठेवलं तर मात्र उलटंच होतं, ड्राइव्ह स्पीड पडू न देण्यासाठी झगडते आणि फ्लायव्हील शोभेला उरतं, म्हणून ते सेटिंग बंद आहे ना ते पहिलं बघा.

हाय-स्लिप मोटर घेतली की प्रेसची सरासरी स्पीड थोडी खाली येते, आपल्या केसमध्ये ८ ते १० टक्के, म्हणजे मिनिटाला ३० ऐवजी २७-२८ भोकं. ३० हवीच असतील तर मोटरची पुली तेवढी मोठी घ्या.

७. पहिल्यांदा चालू करताना

क्लच सुटलेला ठेवून चाक पूर्ण स्पीडला येऊ द्या, मगच पहिला स्ट्रोक. या केसमध्ये त्याला ८-१० सेकंद लागतात, आणि तेवढ्यात रिले पडत असेल तर रिलेचं सेटिंग न वाढवता त्याचा ट्रिप क्लास जास्त वेळाच्या स्टार्टिंगसाठी आहे का ते बघा.

स्पीड खरोखर किती पडते ते साध्या टॅकोवर दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. रिमवर खडूने एक रेघ मारा आणि गार्डच्या बाहेरून मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. २४० आरपीएमला एका फेरीला ६० फ्रेम लागतात, २११ ला साधारण ६८. भोक पडल्यानंतरच्या फेरीच्या फ्रेम मोजल्या की उत्तर हातात. ७५ च्या पुढे जात असेल तर चाक हलकं आहे किंवा पंच बोथट झालाय, ६२ वरच अडकत असेल तर एनर्जी चाकाऐवजी मोटरकडून जातेय किंवा भोकाला तुमच्या अंदाजापेक्षा कमी लागतंय.

क्लॅम्प मीटर पीक होल्डवर ठेवून भोकानंतरचा करंट बघा. पण छोट्या मोटरचा नो-लोड करंटच बराच असतो, त्यामुळे अँपिअर अर्धे दिसतात म्हणजे लोड अर्धा असं समजू नका. पीक रेटेडच्या दुपटीजवळ जात असेल तर पायरी ६ वर परत या.

बेल्टकडेही लक्ष द्या. प्रत्येक भोकाला बेल्ट चिरकत असेल तर स्पीड पडायचं काम मोटरच्या स्लिपऐवजी बेल्ट करतोय, मोटर थंड राहील पण बेल्ट जळेल.

इशारा: स्विच बंद केल्यावरही चाकात हजारो जूल असतात आणि ते बराच वेळ फिरत राहतं. डाय बदलायची, अडकलेला तुकडा काढायचा, काहीही असलं तरी चाक पूर्ण थांबलेलं, सप्लाय लॉक केलेला आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवलेला असल्याशिवाय हात आत जाता कामा नये. रॅम खालच्या टोकाजवळ अडकला तर सगळी एनर्जी काही मिमीत उतरायला बघते आणि फ्रेम तडकू शकते, म्हणून शिअर पिन किंवा हायड्रॉलिक ओव्हरलोड जे काही आहे ते बायपास केलेलं नाही ना, हे पहिल्या स्ट्रोकच्या आधी स्वतः बघा.

नंतर जाडी किंवा भोकाचा व्यास बदलला तर पायरी १ पासून परत. १२ मिमी प्लेटला हेच भोक पाडायचं झालं तर जोर १.२ पट होतो पण एनर्जी १.४४ पट, कारण जोरही वाढतो आणि अंतरही. टनेजमध्ये बसतंय म्हणून तेवढ्याच मिनिटाला ३० भोकांवर जाऊ नका. एका भोकाला साधारण २४८० जूल होतात, सरासरी १.२४ किलोवॅट, म्हणजे १.१ ची मोटर तिथे कमी पडते. अशा वेळी मिनिटाला २० भोकांवर या, पण क्रँकची स्पीड तीच ठेवून, क्लचने एकेक स्ट्रोक मारून. मोटर पुरेल, पण स्पीडची घट मात्र जास्तच राहील, कारण चाकाला एका भोकाचा हिशोब द्यायचा असतो, मिनिटाचा नाही.